मैलापाणी चढावर नेऊ नका : गावालगतच्या गृहप्रकल्पाच्या विकासकांना खुले पत्र

प्रति,
आमच्या गावालगतच्या नियोजित गृहप्रकल्पाचे विकासक, त्यांचे वास्तुविशारद
आणि तिथे घरासाठी पैसे भरलेली सर्व मंडळी

स.न.वि.वि.

तुमच्या प्रकल्पाचा मांडणी-नकाशा गावात सगळ्यांनी पाहिला. तीन इमारती, प्रत्येकीत ३२ घरं, मधे बगिचा, कडेने रस्ता. लोकांनी दर विचारले, पार्किंग विचारलं, लिफ्ट विचारली. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या राखाडी पट्टीबद्दल कोणी काही विचारलं नाही. त्या पट्टीवर ‘सर्व्हिस झोन’ असं लिहिलंय आणि तिच्यात तीन चौकोन आहेत : एसटीपी म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र, कचराखोली आणि ट्रान्सफॉर्मर. हे पत्र त्या तीन चौकोनांबद्दल आहे.

मी पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. माझं वावर तुमच्या जागेच्या पूर्वेकडच्या नाल्याला लागून, खालच्या अंगाला आहे. म्हणजे तुमचं काही बिघडलं तर ते आधी माझ्या धुऱ्यावर येणार. यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो.

सर्व्हिस झोन वायव्येलाच का, असं तुमच्या साइटवरच्या इंजिनिअरला विचारलं. त्यांनी तीन कारणं सांगितली. रस्ता तिकडे आहे, वास्तूच्या हिशेबात मैला वायव्येला चालतो, आणि इमारती बसवून झाल्यावर तेवढीच पट्टी उरली होती. खरं कारण तिसरं असावं, असं मला वाटतं. आपल्याकडे इमारती आधी बसतात, मग बगिचा, मग गाड्या, आणि उरलेल्या जागेत घाण, कचरा आणि वीज एकत्र कोंबली जाते. पण या तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत. एसटीपीला जमिनीचा उतार लागतो, कचऱ्याला गाडी लागते, ट्रान्सफॉर्मरला विजेची लाईन आणि मोकळी वाट लागते. तुमच्या जागेवर या गरजा एका कोपऱ्यात भेटत नाहीत.

उताराचा हिशेब घेऊ. जागा पूर्व-पश्चिम साधारण १८० मीटर लांब आहे. रस्ता पश्चिमेला, नाला पूर्वेला, आणि रस्त्यापासून नाल्यापर्यंत जमीन दीड मीटर उतरते. हे पातळी मोजायच्या दुर्बिणीने कोणीही ताडून पाहावं. मैलापाण्याच्या १५० मिलिमीटर पाइपाला शंभरास एक उतार देण्याची रीत आहे, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर. त्याहून कमी दिला तर पाणी पुढे जातं आणि गाळ मागे राहतो. सर्वांत पूर्वेची इमारत ते वायव्येचा कोपरा ही मुख्य लाईन दीडशे मीटर धरा. सुरुवातीला पाइप जमिनीखाली पाऊण मीटर असतो. वाटेत त्याला दीड मीटर उतरायचं आहे, आणि तेवढ्यातच वरची जमीन सव्वा मीटर चढते. तिन्हींची बेरीज केली तर एसटीपीच्या तोंडाशी पाइप साडेतीन मीटर खोल जातो. टाक्या त्याच्याही खाली तीन मीटर. तळाचं काँक्रीट धरून खोदकाम सात मीटरच्या आसपास.

आता हीच लाईन उलटी फिरवा. रस्त्याकडच्या इमारतीपासून नाल्याच्या बाजूला न्या. सुरुवात पाऊण मीटरवर, पाइप उतरणार दीड मीटर, पण जमीनही सव्वा मीटर उतरते. तोंडाशी खोली भरते फक्त एक मीटर, आणि खोदकाम साडेचार मीटरच्या आत आटोपतं. आपल्या भागात चार-साडेचार मीटरखाली काय लागतं हे विहीर खणलेल्या कोणालाही विचारा. वर काळी माती, मग चुनखडीचा पिवळसर थर, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. सात मीटरच्या खड्ड्यातला शेवटचा भाग तुम्हाला ब्रेकर लावून फोडावा लागेल, आणि पावसाळ्यात बाजूची काळी माती त्यात ढासळेल.

यावर तुमचे सल्लागार म्हणतील की पूर्वेला एक छोटी टाकी करू आणि पंपाने मैला वर उचलू. कागदावर ते जमतं. जिल्ह्यातल्या एका वसाहतीत मी अशी उपसाटाकी उघडलेली पाहिली आहे. पंपाच्या पंख्याला साडीची किनार, जानवं आणि लहान मुलांचे डायपर असे पीळ घालून बसले होते की मिस्त्रीने ते विळ्याने कापून काढले. दुसरा पंप राखीव होता, पण त्याची केबल पहिल्याला जोडलेली होती. टाकीला वरून एक पाइप काढलेला होता, तो थेट नाल्यात. वीज गेली की प्रक्रिया न झालेला मैला त्या पाइपातून सुटायचा आणि कोणाला पत्ताही लागायचा नाही. आमच्या फीडरवर पावसाळ्यात वीज किती वेळ जाते हे तुम्हाला गावात राहायला आल्यावर कळेलच. उतारावर आपोआप जाणाऱ्या पाण्याला वीज गेल्याचं काही वाटत नाही.

म्हणून पहिली मागणी अशी की एसटीपी पूर्वेला हलवा. ईशान्येला मैला नको हा आग्रह मी समजू शकतो, घर घेणारे तो धरतातच. त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा पूर्वेच्या कडेचा दक्षिणेकडचा अर्धा भाग घ्या. तिथेही जमीन तितकीच उतरलेली आहे. आणखी एक फायदा म्हणजे जून ते सप्टेंबर आपल्याकडचा वारा बहुतेक पश्चिमेचा, आणि दमट हवेत वास जास्त पसरतो तो याच महिन्यांत. पूर्वेच्या कडेचा वास इमारतींकडे न येता नाल्याकडे जाईल. वायव्येत एसटीपी केलं तर तोच वारा तो वास तिन्ही इमारतींतून फिरवेल.

पूर्वेला दोन धोके आहेत, तेही सांगितले पाहिजेत. एक पुराचा. नाला किती चढतो हे नकाशावरून कळणार नाही. पलीकडच्या बांधावरच्या जुन्या बाभळीला कुठवर कचरा अडकतो ते आजूबाजूचे शेतकरी दाखवतील. त्या खुणेच्या वर किमान दोन फूट टाक्यांची तोंडं आणि विजेचं पॅनेल आणि टाकीत हवा सोडणारा ब्लोअर यांच्या खोलीचं जोतं ठेवा. बागेच्या बाजूचं सर्वांत खालचं चेंबरही बघा, नाहीतर पुराचं पाणी तिथून शिरेल.

दुसरा धोका लोकांना खरा वाटत नाही, म्हणून आकडे मांडतो. समजा एक टाकी बाहेरून सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल आहे. ती ८४ घनमीटर जागा व्यापते. श्रावणात आजूबाजूची माती पाण्याने भरली की ते पाणी टाकीला खालून ८४ टन जोराने वर ढकलतं. तळ, भिंती आणि झाकण मिळून टाकीचं स्वतःचं वजन साठ टनांच्या आसपास. आत पाणी असेल तोवर काही होत नाही. पण बांधून रिकामी ठेवलेली किंवा सफाईसाठी उपसलेली टाकी अशा दिवसांत पाण्यातल्या रिकाम्या घागरीसारखी वर येते, तिरपी होते, आणि तिला जोडलेले पाइप तुटतात. काळ्या मातीची पकड इथे धरायची नाही. मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. उपाय सोपा आहे. तळाचा स्लॅब चारही बाजूंनी पाऊण मीटर बाहेर काढला की त्यावर बसलेली भरावाची माती टाकीला दाबून धरते. आणि टाकी बांधून झाली की पावसाळ्याआधी तिच्यात साधं पाणी भरून ठेवायचं. हे काम तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. त्यांनी पाणी जमिनीलगत आलेलं धरून हिशेब केला आहे का, एवढंच विचारा.

एसटीपी केवढं हवं? ९६ घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे ४८० जण. माणशी १३५ लिटर पाणी धरायचा प्रघात आहे. त्यातलं ऐंशी टक्क्यांहून थोडं जास्त गटारात येतं, म्हणजे रोज ५५ हजार लिटर. पण हा आकडा सगळी घरं भरल्यावरचा. आपल्या भागात घर घेणारा निम्म्या वेळी पुण्यात नाहीतर नागपुरात नोकरीला असतो. पहिली दोन-तीन वर्षं तुमच्याकडे वीस-पंचवीस कुटुंबं राहतील, आणि ५५ हजारांच्या यंत्रात बारा-पंधरा हजार लिटर येईल. मैला खाणारे जिवाणू उपाशी मरतात, पाणी गढूळ निघतं, वीजबिल मात्र पूर्ण येतं. मग कोणीतरी ब्लोअर बंद करतो आणि यंत्र कायमचं झोपतं. त्यापेक्षा निम्म्या-निम्म्या क्षमतेचे दोन संच करा. दुसऱ्याच्या टाक्या बांधून ठेवा, यंत्रं घरं भरली की बसवा.

पूर्वेला जागा मिळत असेल तर त्याहूनही बरी वाट आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत म्हणजे गाळ बसवणाऱ्या टाकीनंतर खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस, आणि पाणी खडीच्या आतून सरकत जातं. तिला ब्लोअरपेक्षा जागा जास्त लागते, पण वीज अगदीच थोडी. जागा वाचवायची की वीज, हा हिशेब शहरातल्या बिल्डरला करावा लागतो. आमच्याकडे उत्तर उघड आहे. अर्थात पहिल्या टाकीतला गाळ तिथेही उपसावा लागतो, त्यामुळे टँकर पोचलाच पाहिजे. शेजारचा शेतकरी मला म्हणाला, “भाऊ, श्रावणात त्या वावरात बैल उतरत नाही, तुमचा टँकर कसा उतरन?” त्याचं बरोबर आहे. अग्निशमनासाठी कडेने जो रस्ता दाखवला आहे तोच मुरूम-खडी दाबून टाक्यांपर्यंत नीट न्या. गाळ उपसायला सुरक्षासाधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या टाकीतला वायू दोन श्वासांत माणूस आडवा करतो. सगळ्या टाक्यांना बाहेरून पाइप टाकता येईल अशी झाकणं हवीत, आणि त्यांच्यावर पार्किंग नको.

शुद्ध झालेलं पाणी जाणार कुठे, हे नकाशात नाही. संडासात ओतायला माणशी ४५ लिटर धरले तर एकवीस-बावीस हजार लिटर तिथे खपतील, पण त्यासाठी दुहेरी नळ आत्ताच टाकावे लागतील. बगिचाला उन्हाळ्यात पाच-सहा हजार. उरलेले पंचवीस-तीस हजार लिटर रोज बाहेर पडणार. गावात गटारयोजना नाही. उन्हाळ्यात चाऱ्याच्या गवताला ते पाणी मी स्वतः घ्यायला तयार आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मापात बसत असेल तर. पावसाळ्यात मात्र ते कोणालाच नको असतं आणि नाल्यातच जाईल. नाल्यात सोडण्याची परवानगी, ते तोंड कुठे असेल आणि तिथलं पाणी कोण तपासणार, हे आधी लिहून द्या. गावाची विहीर नाल्याच्या खालच्या बाजूला आहे.

आता कचरा. कचराखोलीला तुम्ही अडीच बाय तीन मीटर जागा दिली आहे. बहुधा ओल्या कचऱ्याचा विचार करून. प्रत्यक्षात खोली भरते ती सुक्याने. ४८० माणसांचा रोजचा कचरा दोनशे किलोच्या आत-बाहेर, त्यात ओला शंभरेक किलो. तो जड आणि घट्ट, म्हणून दोनशे-अडीचशे लिटरच्या पिंपात मावतो. सुका वजनाने कमी, पण बाटल्या, खोकी आणि पिशव्या मिळून रोज पाऊण घनमीटर जागा खातो. शहरात घंटागाडी रोज येते. इथे ग्रामपंचायतीची गाडी आठवड्यातून एकदा आली तरी नशीब. सहा दिवसांचा सुका कचरा म्हणजे साडेचार-पाच घनमीटर, शिवाय वेगळा करायला माणूस उभा राहील एवढी जागा. बारा-पंधरा चौरस मीटर हवेत. ही खोली रस्त्यालगत पश्चिमेलाच असू द्या, दार रस्त्याकडे उघडणारं, म्हणजे गाडी आत घ्यावी लागणार नाही. वापरलेले डायपर आणि पॅड, तसेच जुन्या बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट, यांचे डबे त्यात वेगळे. ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा असं वर्गीकरण २०१६ च्या नियमांपासून बंधनकारक आहे.

ओला कचरा मात्र रस्त्याकडे नको, कारण पश्चिमेचा वारा. तो पूर्वेला एसटीपीच्या शेजारी न्या. तिथे एकेक घनमीटरच्या आठ-दहा जाळीदार टाक्या, वर पत्रा, खाली उतार दिलेली फरशी. कुजणाऱ्या कचऱ्यातून गळणारं तांबूस पाणी त्या फरशीवरून थेट एसटीपीच्या पहिल्या टाकीत जाईल. पावसाच्या नालीत ते जाता कामा नये, ही चूक सर्रास होते. ओल्या कचऱ्यावर कोरडं काहीतरी टाकावं लागतं. शहरात लाकडाचा भुसा विकत आणतात. आपल्याकडे सोयाबीनचं कुटार आहे, बारीक केलेल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या आहेत. पऱ्हाट्या वावरात जाळण्यापेक्षा शेतकरी त्या तुम्हाला आनंदाने देतील. फक्त गुलाबी बोंडअळी त्यात लपून राहते, म्हणून कुट्टी करून लगेच वापरा, ढीग घालून ठेवू नका. टाकीत हात घातला की ऊब लागली पाहिजे. थंडगार आणि घाण वास असेल तर कोरडं कमी पडतंय.

ट्रान्सफॉर्मर, म्हणजे गावच्या भाषेत डीपी, पश्चिमेलाच राहू द्या. ११ केव्हीची लाईन रस्त्याने जाते. साधारण ३१५ केव्हीएचा लागेल. पूर्वेची इमारत दीडशे मीटरवर आहे म्हणून तो मधे आणा असं कोणी सुचवेल, पण केबल पुरेशी जाड घेतली की एवढ्या अंतरावर दाब फारसा पडत नाही. वीज चढावर जाते, मैला जात नाही. म्हणून हलवायचं तर एसटीपी हलवायचं.

नकाशात डीपी आणि एसटीपीमध्ये जेमतेम एक मीटर आहे. मैलापाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो. एसटीपीच्या डोक्यावर लावलेलं पॅनेल वर्ष-दोन वर्षांत उघडून बघा, तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या दिसतील. कॉन्टॅक्टर चिकटतात, पंप बंदच होत नाही किंवा सुरूच होत नाही. एसटीपी पूर्वेला गेलं की डीपी वाचते, पण एसटीपीचं स्वतःचं पॅनेलही टाक्यांवर न बसवता वेगळ्या हवेशीर खोलीत बसवा, आणि केबलच्या पाइपांची तोंडं बुजवा, कारण वायू त्यातून सरकत जातो.

डीपी उन्हाळ्यात जळते, हे आपल्याला नवीन नाही. दीड टनाच्या आसपासचा तो डबा उचलायला क्रेनवाली गाडी थेट जोत्याला लागली पाहिजे. समोर पाहुण्यांचं पार्किंग दाखवलंय, ते काढा. जोत्याचा पाया मुरमापर्यंत न्या, काळ्या मातीवर ते तिरकं होतं. भोवती १.८ मीटरचं कुंपण, आणि लाईनपासून इमारतीच्या बाल्कनीपर्यंत आडवं अंतर किमान १.२ मीटर, हे सक्तीचंच आहे. नकाशावर अंतर मोजताना पुढे येणारी ग्रील धरा, लोक ती लावतातच. अर्थिंगच्या खड्ड्यांना नळ द्या. पावसाळ्यात काळी माती अर्थिंगला उत्तम, उन्हाळ्यात ती सुकून नळीपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. आणि तेल चोरीला जाऊ नये म्हणून दिवा लावा.

हे सगळं आत्ताच का, तर नकाशा एकदा मंजूर होऊन प्रकल्प महारेरात नोंदला गेला की मांडणी बदलायला दोन-तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. शंभर घरांच्या वसाहतीत ती गोळा करायला किती वर्षं जातात, तुम्ही जाणता.

तेव्हा मागणी एवढीच. खोदकामाआधी जागेची पातळी मोजून घ्या आणि प्रत्येक चेंबरची पाइपखोली दाखवणारा तक्ता साइट ऑफिसबाहेर लावा. पूर्वेच्या कडेला एक चाचणीखड्डा पाच मीटरपर्यंत घ्या आणि पावसाळ्यात त्यात पाणी कुठवर येतं ते पाहा. पैसे भरलेल्या मंडळींनी पुढच्या बैठकीत टाइल्सच्या रंगाआधी हा तक्ता मागावा. दुर्बीण माझ्याकडे आहे, पट्टी धरायला एक माणूस पाठवा, मी बांधावरच असतो.

आपला,
नाल्याच्या खालच्या वावराचा शेतकरी
(निवृत्त उपअभियंता)